खराब रेकॉर्ड झालेला व्हिडिओ: क्लायंटला खरं सांगणारा मेसेज कसा लिहायचा

एडिटिंगची कामं घ्यायला लागलात की "व्हिडिओ जरा खराब आलाय, नीट करून द्या ना" असा मेसेज येतोच येतो. फाइल उघडली की दिसतं आवाज फाटलाय, चेहरा काळा पडलाय, मधेच सगळं धूसर झालंय. अशा वेळी नवीन माणूस बहुतेक वेळा दोनपैकी एक करतो. एक तर "बघतो, होऊन जाईल" लिहून मोकळा होतो, नाहीतर घाबरून "हे काही होणार नाही सॉरी" म्हणतो. पहिल्यात क्लायंट मनात टीव्हीवरच्या कार्यक्रमासारखा व्हिडिओ धरून बसतो आणि डिलिव्हरीच्या दिवशी वाजतं, दुसऱ्यात निम्मं सुधारलं असतं ते कामही जातं आणि त्या माणसाचा व्हिडिओही तसाच पडून राहतो.

मेसेज नीट लिहिता येतो तो आधी फाइल नीट तपासली असेल तरच, त्यामुळे या लेखात अर्धा भाग तपासण्याचा आहे आणि अर्धा लिहिण्याचा. उदाहरण म्हणून एकच केस शेवटपर्यंत घेऊ. एका शिक्षकांच्या निवृत्तीचा कार्यक्रम, त्यांचं ४२ मिनिटांचं भाषण, हॉलमध्ये पहिल्या काही रांगांमधून घरच्याच कोणीतरी मोबाइलवर शूट केलेलं. व्हिडिओ पाठवला त्यांच्या मुलीने. भाषण परत होणार नाही, म्हणजे "परत शूट करा" हा सोपा सल्ला इथे चालणारच नाही, आणि म्हणूनच ही केस घेतली.

आधी ओरिजिनल फाइल मागा, मगच मत द्या

आलेला व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला असेल तर त्यावरून काहीही सांगू नका, कारण तिथे व्हिडिओ पाठवताना दाबून छोटा होतो आणि जो धुरकटपणा तुम्हाला दिसतोय तो शूटिंगचा आहे की पाठवण्याचा हे कळायला मार्ग नसतो. क्लायंटला एवढंच लिहा: "ज्या फोनवर शूट झालं त्याच फोनमधून ही फाइल ड्राइव्हवर टाका किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, गॅलरीतून व्हिडिओ म्हणून नको." फाइल आली की ती खरंच ओरिजिनल आहे का ते ffmpeg या मोफत टूलसोबत येणाऱ्या ffprobe ने कमांड लाइनवर बघून घ्या:

```
ffprobe -v error -show_entries stream=codec_type,width,height,bit_rate,avg_frame_rate -of default=nw=1 bhashan.mp4
```

आपल्या केसमध्ये आधी आलेली फाइल ८४८ बाय ४८० ची होती, ओरिजिनल निघाली १९२० बाय १०८० ची आणि बिटरेट कितीतरी पट जास्त. नुसती फाइल बदलली तर चेहऱ्यावरचे चौकोनी ठिपके गेले. म्हणजे एक तक्रार काहीही एडिट न करता संपली, आणि ही गोष्ट मेसेजमध्ये सांगायचीसुद्धा, कारण क्लायंटच्या डोक्यात तो धुरकट व्हिडिओच बसलेला असतो.

तपासताना प्रश्न एकच ठेवा

प्रत्येक दोषासमोर स्वतःला एकच विचारा: हवी ती गोष्ट रेकॉर्ड झालीये पण कशाखाली तरी दबलीये, की ती रेकॉर्डच झाली नाही? दबलेली असेल तर काढता येते, कमी नाही तर जास्त. रेकॉर्डच झाली नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर ती आणू शकत नाही, फार तर अंदाजाने काहीतरी भरतं. तुमचा सगळा मेसेज या एका फरकावर उभा राहणार आहे, त्यामुळे इथे घाई नको. पूर्ण ४२ मिनिटं हेडफोन लावून बघा, पुढे ढकलत बघू नका, आणि दोष दिसला की वेळ लिहून ठेवा. "मधे मधे आवाज फाटलाय" असं लिहिलेला मेसेज आणि "२७:४० ते २८:१० मध्ये आवाज फाटलाय" असा मेसेज, दोन्ही वाचणाऱ्याला फार वेगळे वाटतात, दुसऱ्यात त्याला कळतं की यांनी खरंच बसून ऐकलंय.

आता आवाज, कारण भाषणाच्या व्हिडिओत आवाजच सगळं असतं, चित्र थोडं वाईट असलं तरी लोक बघतात पण शब्द कळले नाहीत तर दोन मिनिटांत बंद करतात. आपल्या फाइलमध्ये आवाजाचे तीन वेगवेगळे दोष होते आणि तिघांचं उत्तर वेगवेगळं आहे.

पहिला, पंख्यांची सततची घरघर. ही एकसारखी असते, बोलणं थांबलं तरी चालूच असते, त्यामुळे सॉफ्टवेअरला भाषण सुरू व्हायच्या आधीचे दोन-तीन शांत सेकंद दाखवले की ते "हा नको असलेला आवाज" म्हणून ओळखतं आणि बाकीच्या ४२ मिनिटांतून कमी करतं. हे होतं. फक्त शून्यावर नेऊ नका, फार ओढलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायला लागतं आणि स, श ही अक्षरं गिळली जातात. असं ऐकू आलं की समजा जास्त झालं, थोडं मागे या.

दुसरा, हॉलचा घुमारा. हा पंख्यासारखा नाही. सरांचाच आवाज भिंतींवर आपटून जरा उशिरा परत येतो आणि पुढच्या शब्दावर पडतो, म्हणजे नको असलेला आवाज आणि हवा असलेला आवाज एकाच माणसाचा, एकाच जातीचा. दुधात मिसळलेलं पाणी काढण्यातला प्रकार. घुमारा कमी करणारे टूल आहेत, ते शब्दांच्या मधली शेपटी थोडी छाटतात, पण माइक लांब होता तो जवळ आणू शकत नाहीत. हा दोष "थोडासा सुधारेल" या खात्यात टाका, आणि कृपा करून "काढून टाकतो" असं लिहू नका.

तिसरा, फाटलेला आवाज. फोन हॉलच्या मोठ्या स्पीकरच्या जवळ होता, सर जोरात बोलले किंवा टाळ्या पडल्या की फोनच्या माइकला झेपलं नाही आणि लाटेचा वरचा भाग कापला गेला. एडिटरमध्ये ऑडिओचा ग्राफ मोठा करून बघा, गोल टोकांच्या जागी सपाट कापलेली टोकं दिसतील. आकड्यात बघायचं तर:

```
ffmpeg -i bhashan.mp4 -vn -af volumedetect -f null -
```

याच्या शेवटी `max_volume` येतं. ते `0.0 dB` असेल तर संशय घ्या, पण निर्णय त्यावर घेऊ नका, कारण व्यवस्थित तयार केलेल्या फाइलचाही तो शून्य असू शकतो. आणि उलटही होतं, आवाज माइकमध्येच फाटलेला असेल आणि नंतर फोनने पातळी खाली केली असेल तर आकडा शून्याच्या खाली दिसेल आणि कान मात्र सांगतील की फाटलाय. कान आणि ग्राफ, हे दोन खरे. एखाद्या शब्दाचं टोक कापलेलं असेल तर डी-क्लिप टूल आजूबाजूच्या लाटेवरून ते गोल करून देतं आणि बऱ्यापैकी जमतं. पण अख्खी दोन-चार वाक्यं सलग फाटली असतील तर त्या टूलकडे आधार घ्यायला चांगला भागच उरत नाही, मग फक्त खरखर जरा मऊ होते. व्हॉल्यूम कमी केला की फाटणं जाईल असं पुष्कळ क्लायंटना वाटतं, जात नाही, फाटलेलाच आवाज हळू ऐकू येतो.

चित्राचं तुलनेने लवकर आटोपतं. सरांच्या मागे मोठी खिडकी होती, त्यामुळे फोनने खिडकीच्या उजेडावरून एक्सपोजर धरलं आणि तरीही खिडकी पांढरीफटक आणि चेहरा काळपट. चेहरा उजळवता येतो, कारण अंधारात का होईना तो रेकॉर्ड झालाय, उजळवला की दाणेदारपणा वर येतो तो थोडा मारायचा. खिडकीचं तपासायचं असेल तर हायलाइट पूर्ण खाली ओढून बघा, बाहेरची झाडं दिसायला लागली तर काहीतरी आहे, नुसताच पांढऱ्याचा सपाट राखाडी झाला तर तिथे काही नाही, विषय संपला. ११:२० ते १४:०५ मध्ये फोनचा फोकस पुढे बसलेल्या एका माणसाच्या डोक्यावर गेलाय, डोक्याचा केस न केस दिसतोय आणि सर धूसर. शार्पन करून बघा आणि लगेच परत काढा. शार्पन म्हणजे कडांचा गडद-फिका फरक वाढवणं, किंचित मऊ चित्राला ते चालतं, फोकसच गेलेल्या चेहऱ्याला धूसर डोळ्यांभोवती एक रेघ येते आणि चित्र आणखी वाईट दिसतं. हात हलल्यामुळे येणारी थरथर स्टॅबिलायझरने कमी होते, त्याबदल्यात चारी बाजूंनी थोडी फ्रेम कापली जाते, हेही सांगून ठेवायचं, नाहीतर "सरांच्या हातातला सत्काराचा नारळ अर्धा का दिसतो" म्हणून फोन येतो.

नमुना बनवा, आणि वाईट भागाचाच बनवा

मेसेज लिहायच्या आधी अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे दोन तुकडे करा. एक सर्वसाधारण भागाचा, एक सगळ्यात खराब भागाचा. बऱ्याच जणांना सगळ्यात छान जमलेला तुकडा पाठवायचा मोह होतो, काम मिळतं पण, आणि मग क्लायंट बाकीच्या ४२ मिनिटांत तेच शोधत बसतो. कापायला हे पुरतं:

```
ffmpeg -ss 00:27:35 -i bhashan.mp4 -t 30 -c copy namuna.mp4
```

`-c copy` मुळे तुकडा अगदी ठरलेल्या सेकंदाला सुरू होईलच असं नाही, थोडा मागेपुढे होतो, नमुन्याला काही बिघडत नाही.

आधीचा आणि नंतरचा तुकडा पाठवताना दोन्हीचा व्हॉल्यूम ऐकायला सारखा करा. हे महत्त्वाचंय. जो मोठ्याने वाजतो तो माणसाला चांगला वाटतो, त्यामुळे नंतरचा तुकडा मोठा ठेवलात तर तुम्ही नकळत फसवताय, आणि सुधारणा किती झाली हे तुम्हाला स्वतःलासुद्धा नीट कळणार नाही. एकदा हेडफोनवर ऐका, एकदा फोनच्या स्पीकरवर, कारण घरचे सगळे फोनवरच बघणार आहेत.

आता मेसेज

नवीन लोक साधारण असं लिहितात: "ताई, ऑडिओ पीक होतोय, रिव्हर्ब खूप आहे, हायलाइट क्लिप आहेत आणि फोकस मिस झालाय. चुकीच्या जागेवरून शूट केल्यामुळे असं झालंय. मी माझ्या परीने शंभर टक्के प्रयत्न करीन."

यात तीन गोष्टी बिघडल्यात. पहिल्या वाक्यातलं क्लायंटला काहीच कळलं नाही. दुसऱ्या वाक्यात, ज्याने शूट केलं तो त्यांचा नवरा, भाऊ, मुलगा कोणीतरी आहे, त्याला दोष लागला आणि आता घरात वाद. आणि तिसऱ्यात शंभर टक्के हा शब्द आलाय, वाचणारा "प्रयत्न" विसरतो आणि "शंभर टक्के" लक्षात ठेवतो.

मी हा मेसेज असा लिहीन:

> नमस्कार ताई,
>
> ओरिजिनल फाइल मिळाली, सरांचं पूर्ण भाषण हेडफोन लावून ऐकलं. आधी मुख्य गोष्ट सांगतो. व्हिडिओ पूर्णपणे नीट होणार नाही, पण आत्ता आहे त्यापेक्षा नक्की बरा होईल आणि दोन-तीन जागा सोडल्या तर सर काय बोलतायत ते सगळं नीट कळेल. तुम्ही आधी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली फाइल आणि ही ओरिजिनल, यातच चित्रात बराच फरक आहे, तो आपल्याला आयता मिळाला.
>
> काय चांगलं होईल: पंख्याची घरघर बरीच कमी होईल. सरांचा चेहरा उजळेल, रंग नैसर्गिक दिसतील. फोन हातात धरल्यामुळे येणारी थरथर कमी होईल, त्यासाठी कडेची थोडी फ्रेम कापावी लागेल. आवाज कुठे खूप हळू कुठे खूप मोठा आहे तो एकसारखा होईल.
>
> काय थोडंसंच सुधारेल: हॉलमध्ये आवाज घुमतोय तो. तो सरांच्याच आवाजात मिसळलेला आहे, त्यामुळे वेगळा काढता येत नाही, जरासा कमी होतो. हॉलमध्ये बसून ऐकतोय असंच वाटत राहील.
>
> काय होणार नाही:
> २७:४० ते २८:१० आणि ३५:०५ ते ३५:२०, इथे आवाज फाटलाय. स्पीकरचा आवाज इतका मोठा होता की फोनला तो पूर्ण रेकॉर्डच करता आला नाही. जो भाग फाइलमध्ये नाही तो मला परत आणता येणार नाही, खरखर थोडी मऊ करता येईल.
> ११:२० ते १४:०५, इथे फोनने आपोआप पुढच्या व्यक्तीवर फोकस धरला. सरांचा चेहरा इथे धूसरच राहील.
> मागची खिडकी पांढरीच दिसेल.
>
> यातल्या पहिल्या दोन गोष्टींवर उपाय निघू शकतो, त्यासाठी तुमची मदत लागेल. एक, हॉलच्या साउंडवाल्यांना विचाराल का की त्यांनी भाषण रेकॉर्ड केलं होतं का? किंवा पाहुण्यांपैकी कोणी दुसऱ्या जागेवरून शूट केलं होतं का? चित्र कसंही असू दे, मला त्यातला फक्त आवाज हवाय. दोन, कार्यक्रमाचे फोटो असतील तर पाठवा, धूसर भागात सरांचा आवाज चालू ठेवून वर फोटो दाखवता येतील. दोन्ही नाही मिळालं तर फाटलेल्या वाक्यांना खाली अक्षरं देऊ, ती वाक्यं काय होती ते तुम्ही किंवा सर सांगा.
>
> सोबत दोन नमुने पाठवतोय, एक साधारण भागाचा आणि एक सगळ्यात खराब भागाचा. खराब भागाचा मुद्दाम पाठवलाय, यापेक्षा तो जास्त सुधारणार नाही. फोनवर आणि हेडफोनवर दोन्हीकडे ऐका आणि एवढं चालणार असेल तरच काम सुरू करू. सुरू केल्यावर चार दिवस लागतील, दुसरा आवाज मिळाला तर जुळवायला एक दिवस जास्त.

लांब वाटतोय ना, पण असा मेसेज क्लायंट दोनदा वाचतो आणि घरातल्यांना फॉरवर्ड करतो, तेव्हा तो तुमच्याशिवायही समजला पाहिजे. त्यातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्यात.

निकाल पहिल्याच परिच्छेदात आलाय. आधी दोन परिच्छेद कारणं सांगून मग नकार दिला की वाचणारा कारणांमध्येच वाद शोधायला लागतो. "होणार नाही" हे शब्द सरळ वापरलेत, "थोडं अवघड आहे" असं कुठेही नाही, कारण अवघड म्हटलं की समोरचा समजतो जास्त वेळ किंवा जास्त पैसे दिले की होईल. चांगलं होणारं आधी घातलंय ते खूश करायला नाही, काम घ्यायचं की नाही हे त्यावरच ठरणार असतं म्हणून. आणि दोष कुठेही माणसाला लावलेला नाही, "फोनने फोकस धरला", "फोनला रेकॉर्ड करता आला नाही", आणि हे खोटंही नाही, फोकस खरंच फोननेच धरला होता.

कारण सांगताना प्रत्येक दोषाला एकच वाक्य पुरतं. आठ बिट, डेसिबल हे सगळं तुमच्या वहीत राहू द्या. क्लायंटने विचारलं तरच पुढे जा.

एक मात्र स्वतः तपासा: मेसेजमध्ये ज्या गोष्टींना "चांगलं होईल" म्हटलंय त्या तुम्ही नमुन्यात खरंच करून बघितल्यात ना? नुसत्या अनुभवावरून लिहू नका. एका फाइलमध्ये सहज गेलेली घरघर दुसऱ्या फाइलमध्ये जात नाही, कारण तिथे फोन स्वतःच आवाज वरखाली करत असतो, बोलणं थांबलं की तो पातळी वाढवतो आणि पंखा उसळून वर येतो, मग एकसारखी घरघर एकसारखी राहतच नाही.

दुसरा आवाज मिळाला तर

आपल्या केसमध्ये साउंडवाल्यांकडे काही नव्हतं पण पलीकडच्या बाजूला बसलेल्या एका पाहुण्याने २० मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं होतं, चित्र तिरकं, मधे डोकी, पण स्पीकरपासून लांब असल्याने आवाज फाटलेला नव्हता. त्यात २७:४० वाला भाग आला, ३५:०५ वाला नाही. असं अर्धवट काही मिळालं की लगेच क्लायंटला कळवा की कुठलं वाचलं आणि कुठलं राहिलं, नाहीतर त्यांना वाटतं रेकॉर्डिंग मिळालं म्हणजे आता सगळं झालं.

जुळवताना एखादी ठळक टाळी किंवा माइकची ठकठक दोन्ही ग्राफमध्ये शोधून एकावर एक ठेवा, आणि मग शेवटाकडचीही एक जागा बघा. दोन फोनची घड्याळं हुबेहूब सारखी चालत नाहीत, सुरुवातीला ओठ जुळलेले असले तरी १५-२० मिनिटांनी थोडे सुटू शकतात. अर्ध्या मिनिटाचा तुकडाच वापरायचा असेल तर त्या तुकड्यापाशीच जुळवून घ्या, भानगड मिटली. दोन फोनच्या आवाजाचा पोतही वेगळा असतो, जोड कानाला खटकते, म्हणून वाक्याच्या मधे जोडू नका, सर श्वास घेतात किंवा टाळ्या पडतात तिथे जोडा.

उलट उत्तरं येतात त्यांचं काय करायचं

"थोडी क्वालिटी वाढवून फोर-के करून द्या." याला उत्तर असं द्या: "फोर-के केलं तर फाइल मोठी होईल पण धूसर चेहरा धूसरच राहील, फक्त मोठा धूसर दिसेल. त्याऐवजी तेवढा वेळ आवाजावर देतो, तिथे फरक कळेल." मुद्दाम पर्याय जोडून द्यायचा, नुसतं नाही म्हटलं की समोरच्याला वाटतं टाळतोय.

"दुसरे एक जण म्हणतात पूर्ण होईल." इथे चिडू नका आणि दुसऱ्याला नावंही ठेवू नका. लिहा की "त्यांच्याकडून २७:४० पासूनची फक्त दहा सेकंदं करून घ्या आणि माझ्या नमुन्याशेजारी ठेवून ऐका. त्यांचं खरंच चांगलं असेल तर त्यांनाच द्या, मला वाईट वाटणार नाही." आणि खरंच तसं वागायचं. कोणाकडे तुमच्यापेक्षा चांगलं टूल किंवा हात असू शकतो, काम गेलं तर गेलं. बहुतेक वेळा ती दहा सेकंदं येतच नाहीत ही गोष्ट वेगळी.

"तुम्ही करून तर बघा, नंतर ठरवू." हे सगळ्यात धोक्याचं, कारण गोड असतं. निकालाची खात्री नसलेल्या कामाचे पैसे वेळेवर ठरवा, निकालावर नाही, आणि ते आधीच लिहून घ्या: "फाटलेल्या दोन जागांवर मी जास्तीत जास्त तीन तास देईन. त्यात जे होईल ते पाठवीन. नाही जमलं तरी त्या तीन तासांचं बिल लागेल. चालेल का?" हो आलं तर पुढे. उत्तर आलंच नाही तर त्या जागा सोडून बाकीचं काम करा, गृहीत धरू नका.

कधी कधी क्लायंट फक्त "ओके" पाठवतो. या ओकेवर काम सुरू करू नका, नमुना उघडलाच नसेल. "खराब भागाचा नमुना ऐकलात का, २७:४० वाला? एवढा चालेल ना?" इतकंच परत विचारा. त्यावर उत्तर आलं की मग ते खरं ओके.

डिलिव्हरी देताना

अंतिम फाइलसोबत पहिल्या मेसेजमधलीच यादी परत पाठवा, तीच वेळ, तेच शब्द, फक्त प्रत्येकासमोर काय झालं ते लिहून. "२७:४० दुसऱ्या फोनच्या आवाजाने भरलं. ३५:०५ फाटलेलंच आहे, खाली अक्षरं दिलीत. ११:२० ते १४:०५ फोटो लावलेत, मूळ चित्राची वेगळी फाइलही सोबत दिलीये कारण कोणाला धूसर का होईना सर बोलताना बघायचे असतील." ही शेवटची वेगळी फाइल द्यायला विसरू नका, फोटो लावणं हा तुमचा निर्णय आहे, घरच्यांना कदाचित तो धूसर चेहराच हवा असतो. स्टॅबिलायझरमुळे वेळ सरकत नाही, पण सुरुवातीचं काही कापलं असेल तर यादीतल्या वेळा नव्या फाइलप्रमाणे बदलून घ्या, नाहीतर ते ३५:०५ ला जाऊन बघतात आणि तिथे भलतंच काही निघतं.

आणि ओरिजिनल फाइल क्लायंटने जपून ठेवावी हे त्याच मेसेजमध्ये लिहा, फोन भरला म्हणून लोक ती उडवतात आणि मग त्यांच्याकडे तुमची सुधारलेली प्रत आणि व्हॉट्सअॅपवाली बारीक प्रत एवढंच उरतं.